चोवीसवर थांबलेला पारा

"खत कच्चा रवला, तुळसा! म्हयनोभर तुका तां वरखाली करूक सांगलंय, नि तू नुसता वरचेवर खरवडत रवलंस!"

"वरचेवर? भाई, ह्ये हात बघा माझे! सात येळा वरचा खाली नि खालचा वर केलंय. नाकाक झोंबणारो वास जाईसर थांबलंय. तुमीच वाकान हुंगलात ना? तुमीच म्हटलात ना, 'तुळसा, आता भर खोके'?"

"मग बियाणा काळा कशाक पडला?"

"तां माका काय इचारतात? तुमच्या त्या पाऱ्याक इचारा!"

"पाऱ्याक इचारलंय!" भाईंनी वही पडवीच्या बाकावर अशी आपटली की खालची मांजर उठून पळाली आणि वाटेने जाणाऱ्या बाया थबकल्या. "ही बघ. सकाळ, दुपार, सांज. तेवीस, चोवीस, तेवीस. मी पणजेक आठ दिस होतंय, तरी सुगंधान एक दिस चुकवक नाय. हवा बरोबर, बियाणा बरोबर. मग रवला काय? तुझा खत!"

तुळसाने वहीकडे पाहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिने दाराशी झारी घेऊन उभ्या असलेल्या सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने झारी या हातातून त्या हातात घेतली.

"लिवणारा शाणा," तुळसा म्हणाली, "नि राबणारा कुजका. बरा हां भाई, बरा!"

ती पायऱ्या उतरून गेली. तिचं दाताळ, ज्याने तिने महिनाभर खताचा ढीग उलटापालटा केला होता, ते मागच्या पडवीतच राहिलं.

ही गोष्ट सदुसष्ट सालच्या पौषातली. तारकर्लीच्या वाटेवर भाई वालावलकरांचं चिऱ्याचं घर. भाई वीस वर्षं बोटीवर मुख्य खानसामा होते. साहेबलोक अळंबी लोण्यावर परतून खातात आणि त्यासाठी मागाल ते मोजतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. गावात अळंबी म्हणजे पावसात वारुळाजवळ उगवणारी रोवणं. ती घरात, खोक्यात, थंडीच्या दिवसांत उगवायची म्हटल्यावर लोक हसले. भाई हसले नाहीत. त्यांनी पत्रं लिहून दोन जातींचं बियाणं मागवलं. एक बटणासारखी गोल पांढरी, थंड डोंगराळ मुलखातली. दुसरी पसरट, कडेला मुरडलेली. तिचा खाडीतल्या कालव-शिंपल्यासारखा आकार बघून तुळसानेच नाव ठेवलं, "कालवां".

आणि वही लिहायला त्यांनी सुगंधाला ठेवलं.

सुगंधा परब सातवी पास होती. घोव गलबतावर, वर्षातले चार महिने घरी. अंक सुबक काढायची. शाळेत मास्तर तिची पाटी वर्गभर फिरवायचे. लग्नानंतर त्या सुबक अंकांना कुणी विचारलं नव्हतं. भाईंनी तिच्या हातात नवी वही, नवा सेंटिग्रेडचा पारा आणि कानाला लावायची पेन्सिल दिली, तेव्हा तिला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

भाईंनी तिला दोन्ही खोल्यांत उभं करून शिकवलं होतं.

"ह्या कालवांचा सोपा. पेंढो भिजवचो, कढत पाण्यात ठेवचो, थंड झाल्यार थरावर थर देवन बियाणा पेरूचा. मग वर कागद झाकूचो, दार बंद, काळोख. चोवीस ते अठ्ठावीस. पंधरा-अठरा दिसांत पेंढो कापसासारखो पांढरो झालो की कागद काढूचो, उजेड नि वारो देवचो, दिसाक दोन-तीन येळा पाणी शिंपडूचा. तेव्हा बावीस ते सत्तावीस चालता."

"नि बटणांचा?"

"तां नाजूक. खतात पेरल्यापासून बावीस ते पंचवीस, तेच्या वर जावक नाय होया. नि खोलयेपेक्षा खोक्याच्या पोटात दोन-तीन अंश जास्तीच असता, तां इसरा नको. दोन आठवड्यांत धागे पसारले की वर मातयेचो थर देवचो. अजून बावीस-पंचवीसच. धागे मातयेत वर इले, की मग खोली उतरवची. चौदा ते अठरा. थंय खरी बटणां येतत. बाविसाक नुसते धागेच रवतले."

"चौदा? हडे मालवणात?"

"अठरा तरी! पौष-माघातली पहाट, वर ओली गोणपाटां नि रातची उघडी खिडकी. तेवढेच दिस आपले. ते गेले तर शिमग्यात हो धंदो होवचो नाय."

म्हणून बटणांची खोली घराच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींची. खिडकीला ओली गोणपाटं. पेरल्यापासून दहा दिवस दुपारचा पारा चोवीसवरच. इतका शहाणा की सुगंधाला त्याचा कंटाळा आला.

आणि अकराव्या दिवशी भात उकडायची चूल पेटली.

भाईंच्या मागच्या पडवीत, बरोबर त्याच भिंतीला लागून, तीन मोठ्या चिऱ्यांची चूल होती. भाईंच्या आजोबांच्या वेळेपासून भात कापून झालं की वाडीतल्या बाया पाळीपाळीने तिथे आपलं भात उकडत. मोठं तपेलं तेवढं भाईंच्याच घरात. कुणी परवानगी मागायची नाही, कुणी द्यायचीही नाही. भाई पणजीला गेलेले, तिथल्या हॉटेलवाल्याशी बोलणी करायला. या बायांना नाही म्हणायचं, हे सुगंधाच्या डोक्यात आलंच नाही. उलट पहिली पाळी तिचीच होती.

चार दिवस जाळ राहिला. धूर खोलीत शिरू नये म्हणून तिने खिडकी गच्च लावून घेतली. भाईच म्हणाले होते, धूर बियाण्याला वाईट. दुपारी ती तपेल्याशी, घामाने निथळत. गोणपाटं सुकली. आत जाऊन पारा कोण बघणार? तो चोवीसच असणार. तिने पडवीत बसूनच लिहिलं. चोवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस.

तिसऱ्या दिवशी तुळसा आपलं दोन पायली भात घेऊन आली. जाळ सारताना तिचा तळवा भिंतीला लागला.

"गो सुगंधा, चिरो तापलोसा. पारो बघलंस?"

"बघलंय, काकी. चोवीस."

किती सहज बोलली ती! जणू खरंच पाहिला होता.

चौथ्या संध्याकाळी तिने दार उघडलं. आतून उकडीच्या तपेल्यासारखी वाफ तोंडावर आली. पारा चौतीसवर. खोक्याच्या पोटात किती असेल, तिला विचार करवेना. तिने खिडकी उघडली, घागरीमागून घागर जमिनीवर ओतली, गोणपाटं भिजवली. पारा हळूहळू उतरला. मग कानाची पेन्सिल काढून तिने सुबक अंक काढला. चोवीस.

भाई परत आले तोवर पांढरे धागे काळपट शेवाळासारखे लोळागोळा झाले होते, वर हिरवट बुरशी. समोरच्या अंगाच्या खोलीतला कालवांचा पेंढा मात्र कापसासारखा पांढरा. तिथे भिंतीपलीकडे चूल नव्हती. भाईंनी तर्क केला तो कुणीही केला असता. एकाच घरातल्या दोन खोल्या, दोन्हींचा पारा ठीक, मग उरलं ते खत. कालवांना खत लागत नाही, नुसता पेंढा लागतो. भाईंनी ते सगळं खत माडांच्या आळ्यांत ओतून टाकलं.

तुळसाचं पोट तिच्या हातावर होतं. घरोघरी लोणचं घालायला, आमसुलं करायला, मिरच्या भरायला तिलाच बोलावत. तिने घातलेली बरणी दोन वर्षं बिघडत नाही, अशी तिची ख्याती. आठ दिवसांत वाडीत बोलणं पसरलं. महादूच्या दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती, "तुळसाचो हात आता कुजको झालो म्हणतत. औंदा लोणच्याक दुसऱ्या कोणाक तरी सांगूया." सुगंधा मीठ घ्यायला आली होती. ती मीठ न घेताच परतली.

कालवं फुटली. पांढरी, एकावर एक, कडा अजून खाली वळलेल्या. भाईंनी देठाशी धरून, पीळ देऊन पहिला गुच्छ काढला.

"बघलंस? कडा वर फिरूच्या आधी काढूचा. सव्वीसात कशी तरारली!" ते खूश होते. "सुगंधा, तुझी वही होती म्हणान ह्यां समाजला. नायतर मी हवेक दोष देत रवलं असतंय."

गुच्छ तिच्या ओंजळीत होता. गार, ओलसर, जिवंत.

"भाई, वही खोटी आसा."

"काय?"

"चार दिसांची. बटणांची. भिंतीक चूल पेटलेली. मी बघूकच नाय. मगे बघलंय तेव्हा चौतीस होतो. तरी चोवीसच लिवलंय."

भाई ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते बाकावर बसले.

"चूल कोणय पेटवता," ते म्हणाले. "माझ्या आवशीनय हयच पेटवलेली. पण तू चौतीस लिवलं असतंस, तर? बियाण्याची दुसरी बाटली कपाटात होती गो. खत थंड करून परत पेरलं असतंय. कदाचित साधला असता. माघ हातात होतो. मी तां चांगला खत माडांक घातलंय, तुझ्या चोविसाक भुलान!"

कपाटात दुसरी बाटली! हे तिला माहीतच नव्हतं. इतके दिवस ती जाळाचं पाप उरावर घेऊन हिंडत होती. खरं पाप पेन्सिलीचं होतं.

"तुळसाक मी सगळ्यांसमोर बोललंय," भाई म्हणाले. "मी तिची माफी मागतलंय. पण आधी तू."

दुसऱ्या दिवशी तुळसा आपलं दाताळ न्यायला आली. मागच्या पडवीत चार बाया सुपं घेऊन भात पाखडत बसल्या होत्या. सुगंधा मधोमध उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी, हात बाजूला सरळ.

"आयकतात काय गो सगळी? बटणां माझ्यामुळे मेली. काकीचा खत चांगला होता. पारो चौतीसाक गेलो नि मी चोवीस लिवलंय."

सुपं थांबली.

तुळसा दाताळाच्या दांड्यावरची माती नखाने काढत होती. "माका ठावक होता."

"ठावक होता? मग भाईंका सांगूक नाय तां?"

"कोणाचा खरा झाला असता? वहीचा की माझ्या हाताचा?" तिने मान वर केली. "नि तुझा तोंड बघत होतंय, चेडवा. आज सांगात, उद्या सांगात. त्या दिवशी भाई माका बोलत होते तेव्हा तू दारातच होतंस. झारी घेवन."

सुगंधा एक पाऊल पुढे आली. "काकी, कालवांचा पेंढो उद्या भिजवचो आसा. भाई बोलवतत. मीय बोलवतंय. तुमच्या हाताशिवाय माका नाय जमूचा. येशात ना?"

तुळसाने दाताळ खांद्यावर घेतलं. जाताना ती त्या भिंतीपाशी थांबली, चिऱ्यावर तळवा ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला. भिंत गार होती.

मग ती पायऱ्या उतरली आणि माडांतून निघून गेली, मागे न बघता.