तीन महिन्यांचं कलम

ऐंशीच्या दशकात मी बोरगावच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. सौसरहून रोज बसनं जायची. नागपुरातल्या तशाच एका कारखान्यात माझी निवड झाली, ती माणसं मिळवून देणाऱ्या एका एजंटामार्फत. महिन्याभरात रुजू व्हा, असा त्यांचा निरोप आला, आणि मी माझं जुनं नेमणूकपत्र काढून वाचलं. त्यात दोन कलमं होती. सोडायचं तर तीन महिने आधी कळवायचं. आणि सोडल्यावर दोन वर्षं रंगाच्या दुसऱ्या कारखान्यात काम करायचं नाही.

पोस्टात जाऊन एजंटाला ट्रंक कॉल लावला. दुपार गेली तेव्हा लागला. "ऐकू येऊन नाही राहिलं, मॅडम!" एजंट ओरडला आणि लाइन तुटली. शेवटी रजा टाकून मी नागपूरला गेले.

सीताबर्डीतल्या त्याच्या माडीवरच्या खोलीत त्यानं पत्र दोनदा वाचलं. "दोन वर्षांचं सोडा. नोकरीत असताना असं बंधन चालते, सोडल्यावर कोर्टात टिकत नाही. फक्त त्यांचे फॉर्म्युले घेऊन येऊ नका. पण हे तीन महिन्यांच्या नोटिशीचं खरं आहे."

"मी नोटिशीऐवजी तीन महिन्यांचा पगार भरते ना."

"इथं पाहा. पगार घेऊन लवकर सोडणं कंपनीच्या मर्जीवर. आणि नव्या लोकांना तुमचं रिलीव्हिंग लेटर पाहिजे, जुन्या कंपनीनं मोकळं केल्याचं."

"मग तुम्ही महिन्याभरात येईल म्हणून कसं सांगितलं त्यांना?"

"तुम्ही कुठं काही बोलल्या?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

तो पत्राची घडी घालत बसला. मला इतका संताप आला, की समोरचा चहा मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बोरगावला आमच्या मॅनेजर साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पूर्ण तीन महिने. आणि दुसरीकडे रंगातच जात असाल तर केस करू." केसची धमकी फुसकी आहे हे मला आता ठाऊक होतं. पण तीन महिन्यांपुढे माझं काहीच चालत नव्हतं. आधी सोडलं असतं तर त्यांनी रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं असतं.

एजंटानं नागपूरवाल्यांना थांबायची विनंती केली. ते थांबले नाहीत. ती जागा दुसऱ्याला गेली, आणि हे मला एजंटाच्या पोस्टकार्डावरून कळलं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "पुढच्या वेळी आधीच विचारीन."

पुढची जागा तरी या तीन महिन्यांपायी जाऊ नये, म्हणून हातात काही नसतानाही मी राजीनामा दिला. घरचे वेड्यात काढत होते. तीन महिने मी त्याच साहेबांसमोर रंगाचे नमुने तपासले. ते रोज विचारायचे, "मग, कुठं ठरलं का?" मी नाही म्हणायची, आणि ते खरंच होतं.

सुटले त्यानंतर काही महिन्यांनी कामठी रोडवरच्या एका कारखान्यात लागले. तोही रंगाचाच होता. केस कोणी केली नाही.