जाहीरनाम्यातला नळ

चौथी शिकलोय, तरी तालुक्याच्या साप्ताहिकात बातम्या माझ्याच. मुरबाडच्या सभेत सत्तेतल्या पक्षाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा मागच्या निवडणुकीचाही सोबत नेला. घरोघर नळाचं वचन दोन्हीत शब्दाला शब्द सारखं. उभा राहून विचारलं, “मागचे नळ कुठं गेले? यंदा खर्च कुठून करणार?”

उमेदवार हसला, “काका, चहा घ्या.”

मी लिहून दिलं, की मागच्या वचनातून बांधलेली पाण्याची टाकी कोरडीच आहे आणि नव्या योजनेच्या खर्चाएवढी तरतूद कुठंच नाय. संपादकाने तेवढंच कापलं, कारण पक्षाची पानभर जाहिरात होती. माझ्या नावाखाली नुसती वचनं आली.

वैशाखरे गावात हंडा घेऊन निघालेली म्हातारी म्हणाली, “भाऊ, तुमी लिवलंय म्हंजे नळ येनारच ना?”

मी तिचा हंडा घेतला आणि तिच्यासोबत विहिरीकडं चालू लागलो.