कैचीचं टोक

शी! स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत लाकडात गेला, चहात बुडवलेल्या पावात जावा तसा. ओढला तर काळपट ओला भुगा हातावर पडला.

मुलुंडच्या एका जुन्या कौलारू घरात मी, तपासणीला आलेला इंजिनीअर, शिडीवर होतो. खाली घरच्या बाई, निवृत्त शिक्षिका, बॅटरी धरून उभ्या. शेजारी त्यांचा भाऊ. निम्मं घर त्याचं, त्याला ते बिल्डरला द्यायचं होतं. दोघांत ठरलं होतं, छप्पर दुरुस्त होणार असेल तर बाई राहतील, नाहीतर त्या बिल्डरच्या कागदांवर सही करतील. काय ते माझ्या टिपणावर.

छपराखाली सागाच्या पाच कैच्या, म्हणजे कौलांचा भार पेलणारे तिकोनी सांगाडे. दर गणपतीआधी त्यांना चॉकलेटी ऑइलपेंट लागायचा, घराची रीतच होती. पन्हळ गळली तेव्हा गवंड्यानं भिंतीत बसलेली टोकं सिमेंटनं गच्च बुजवली होती. पाणी आत जायचं, बाहेर पडायला वाट नाही. साग झाला म्हणून काय, कुजणारच. मी सिमेंट फोडलं, सगळी टोकं टोचून पाहिली. एकच टोक कुजलेलं, दोन कैच्यांना वाळवी. तीही वरच्या फिक्या लाकडापुरती, गाभा ठोकला की खणखणीत.

म्हणजे दुरुस्ती होत होती. कैचीला आधी टेकू द्यायचा, कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा, नवं सुकं सागवान लोखंडी पट्ट्या नि बोल्टनं जोडायचं. टोकाभोवती हवा खेळती ठेवायची, वाळवीचं औषध मारायचं, आणि आधी ती पन्हळ नीट करायची. आख्खी कैची बदलायची गरज नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच आला होतात ना?" बाईंनी खालून विचारलं.

आलो होतो. रंग चकचकीत होता, चहा गरम होता, शिडी आणायचा कंटाळा आला. खालूनच मान वर करून 'सर्व टोके सुस्थितीत' लिहून मोकळा झालो. त्या टोकाखालीच बाईंचा पलंग होता. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

या वेळी टिपणात दुरुस्ती लिहिली, आणि खाली हेही लिहिलं, की मागची तपासणी मी वर न चढता केली होती, ती चूक माझी.

भावानं नेमकी तीच ओळ धरली. "तेव्हा खोटं लिहिलंत, मग आत्ताचं खरं कशावरून?"

आठवड्यानं बाईंचा फोन आला. भावानं दुसरा इंजिनीअर आणला होता. त्यानं पाचही कैच्या बाद ठरवल्या, आणि बाईंनी सही करून टाकली होती.

"अहो, पण तो वर चढला होता का?" मी ओरडलोच.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "खालूनच बघितलं. तुम्ही बघितलं होतंत तसंच."