व्हॉल्व आला तर

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर जो अरुंद जिना चढतो, त्याच्या टोकाला मुकुंदरावांचं कंत्राटदारीचं कार्यालय. तिथं वैजयंतीबाई सोळा वर्षं एकच काम करतात. गावोगावच्या पाइपलाइनींवरचे सुपरवायझर दर सोमवारी घाईघाईत मेसेज टाकतात, कुणी ट्रॅक्टरवर बसून, कुणी जेवता जेवता. बाई त्यांचं पाणीपुरवठा विभागाला शोभेल असं पत्र करतात. पत्र पाच वाजायच्या आत गेलं पाहिजे.

भाषा त्या हवी तशी बदलतात. आकडा, तारीख आणि अट यांना मात्र हात लावत नाहीत. आधी मेसेज कागदावर उतरवायचा, त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख, प्रत्येक अट लाल पेनानं गोल करायची, आणि पत्र झालं की एकेका गोलावर बरोबरची खूण. ही खोड त्यांना ठेच लागून लागली. एकदा ‘आठ-दहा दिवस’चं त्यांनी ‘आठवडाभरात’ केलं, वाचायला गोड वाटलं म्हणून. आठव्या दिवशी एका गावानं सुपरवायझरला चावडीवर बसवून ठेवलं होतं. शिव्या त्यानं खाल्ल्या, वाक्य बाईंचं होतं.

त्या सोमवारी, एकोणीस जानेवारीला, अकरा मेसेज होते. कुंभारीच्या माळवस्तीवरून सुपरवायझर जोतिरामचा असा: ‘पाइप १८६० मी झाली २१४० पैकी. नळ ५३ दिले ९६ पैकी. राहिलेलं २४ पर्यंत करतो. टाकीखालचा व्हॉल्व आला तर २५ ला टेस्ट २६ ला पानी सोडतो.’

साडेचार वाजता अकराही पत्रं मुकुंदरावांच्या टेबलावर होती. कुंभारीचं वाचून ते खूश झाले. “झेंडावंदनाला पाणी! मी विभागातल्या साहेबांना फोनवर सांगूनही टाकलं. सत्तावीसपासून ते वस्तीचा टँकर बंद करतायत.”

बाई तोवर खुणा करत होत्या. १८६०, २१४०, ५३, ९६, २४, २५, २६. एक गोल रिकामा राहिला: ‘व्हॉल्व आला तर’. पत्रात लिहिलं होतं, ‘दि. २५ रोजी चाचणी घेऊन दि. २६ रोजी पाणीपुरवठा सुरू करण्यात येईल.’ वाक्य सरळ करताना व्हॉल्व गळला होता. दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचाच हात.

त्यांनी जोतिरामला फोन लावला. दोनदा लागला नाही. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

“व्हॉल्व कुटं? अजून निगालाच न्हाय, ताई,” तो ओरडून बोलत होता, मागं खोदाईचं मशीन चालू होतं. “त्याबिगर टाकीतनं पानी सोडता येत न्हाय. आला तर म्हणून लिवलंय की म्या!”

“कधी येईल?”

“दुकानदार रोज उद्या म्हणतोय. म्या कशाला तारीख दिऊ?”

बाईंनी ते ऐकलं तसंच सांगितलं. मुकुंदरावांचा चेहरा पडला. “अहो, व्हॉल्व काय, येईलच. सव्वीस राहू द्या. शब्द गेलाय माझा.”

“तुमचा गेलाय साहेब, जोतिरामनं दिलेला नाही. टँकर थांबला आणि व्हॉल्व आला नाही, तर वस्तीनं काय प्यायचं?”

“बाई, सोळा वर्षांत उलटून बोलला नव्हतात.”

“सोळा वर्षांत असं पत्रही सहीला ठेवलं नव्हतं. चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करू द्या. तसंच पाठवायचं असेल, तर खालचं ‘तयार करणार’ माझं नाव काढा.” लेकीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती, आणि या वयात दुसरी नोकरी कोण दारात घेऊन उभं होतं?

भिंतीवरच्या घड्याळाकडं दोघांनीही पाहिलं. बाई संगणकापाशी बसल्या आणि न विचारता टाइप केलं: ‘टाकीखालचा व्हॉल्व अद्याप प्राप्त झालेला नाही, त्याची तारीख निश्चित नाही. तो दि. २४ पर्यंत प्राप्त झाल्यास दि. २५ रोजी चाचणी व दि. २६ रोजी पाणीपुरवठा.’ लगेच थबकल्या. चोवीस ही तारीख व्हॉल्वसाठी जोतिरामनं दिली नव्हती, त्यांच्याच मनातून आली होती. ‘दि. २४ पर्यंत’ खोडलं. शेवटच्या गोलावर खूण केली.

मुकुंदरावांनी सही केली, पण पेन टेबलावर आदळलं. पाचला चार मिनिटं असताना पत्र गेलं. आठवडाभर ते बाईंशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत. विभागानं सव्वीसचा पाणी सोडायचा समारंभ रद्द केला, त्याचा रागही बाईंवरच निघाला.

सव्वीस जानेवारीला व्हॉल्व आलेला नव्हता. सत्तावीसच्या सकाळी मुकुंदराव स्वतः माळवस्तीवर गेले, जोतिरामला झापायलाच म्हणे. साडेनऊला कार्यालयात फोन वाजला. पलीकडं घागरींचा खणखणाट, बायकांची रांगेवरून भांडणं, आणि त्यात मालकांचा कधी नव्हे इतका खाली गेलेला आवाज.

“बाई, टँकर आलाय.”

वैजयंतीबाईंनी कुंभारीचा कागद काढला आणि व्हॉल्वच्या गोलावरच्या खुणेवर बोट ठेवलं.