दहा सेकंदांची करंजी

माझ्या चुलतसासऱ्यांइतका पाल्हाळाचा शत्रू लंडनच्या अख्ख्या एजवेअरमध्ये दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका पाल्हाळिकही नाही. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात नोकरी केली. टेबलावरच्या पेशंटला 'दहापासून उलटे आकडे म्हणा' सांगायचं आणि तो सातावर पोचेपर्यंत त्याला झोपवायचं, हे त्यांचं काम. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत असा की माणूस फक्त दहा सेकंद शुद्धीवर असतो, काय सांगायचं ते तेवढ्यात सांगा. हा सिद्धांत ते पाऊण तास समजावून सांगतात. गळ्यात स्टॉपवॉच असतं. माझ्या नवऱ्याने लग्नात उखाणा घेतला तेव्हा टाळ्या संपायच्या आत काकांचा आवाज आला, "साडेतेरा! दुसरी ओळ काढ."

निवृत्तीनंतर त्यांना रेडिओच्या जिंगल्स लिहायचं खूळ लागलं. मागितल्या कोणीच नव्हत्या. आमच्या न्हाव्यासाठी एक लिहिली, डेंटिस्टसाठी दोन. कौन्सिलला कचऱ्याच्या डब्यांवर एक पाठवली, तिचं अजून उत्तर नाही. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, मांडीवर केरव्याचा ठेका वाजवत पुटपुटणं चालू. मला तर त्यांनी सुपरमार्केटच्या रांगेत गायला लावलंय. "लाजतेस काय? बायकी पट्टीत किती वेळ लागतो ते नको कळायला?"

मग यंदा खरोखरीचं गिऱ्हाईक आलं. शेवंती स्वीट्स हे आमच्याकडचं घरगुती मिठाईचं दुकान. मागे भट्टीवर मुलगा, काउंटरवर त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला तिच्या सासूबाई, ज्यांना गावभर आजी म्हणतात. उन्हाळ्यात त्यांच्या हाय रोडवरच्या जागेचा करार संपला आणि दुकान स्टेशनच्या मागच्या गल्लीत गेलं. जुन्या जागी बबल टीवाला आला. लोक यायचे, बबल टीची पाटी बघायचे आणि हळहळत घरी जायचे. वहिनी मला सरळच म्हणाली, "ही दिवाळी रिकामी गेली ना, तर जानेवारीत शटर खाली." म्हणून लोकल रेडिओवरच्या रविवारच्या मराठी कार्यक्रमात त्यांनी दहा सेकंदांची जागा घेतली, आणि लिहायला काका. काकांनी त्या आनंदात नवा शर्ट घेतला.

पहिला मजकूर आजींनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. काय सांगू, ती लग्नपत्रिका होती हो! वर कुलदैवत, मग कै. आजोबांचे आशीर्वाद, मग दोन्ही मुलगे, दोन्ही सुना, नातवंडांची लाडाची नावं, बावीस पदार्थ आणि शेवटी 'आग्रहाचे निमंत्रण'. काकांनी भरभर वाचूनसुद्धा त्रेचाळीस सेकंद झाले.

"आजी, निदान नातेवाईक गाळू या."

"गाळा की," आजी म्हणाल्या, "फक्त माझ्या धाकट्या सुनेला तुम्ही सांगा, की तिचं गाळलंय आणि थोरलीचं ठेवलंय."

काका घाबरले. मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना गणित शिकवलं. मिनिटाला एकशेवीस मात्रा धरल्या तर दहा सेकंदांत वीस. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, आठ सेकंद गाणं. उरल्या दोन सेकंदांत दुकानाचं नाव, तेही गायचं नाही, स्वच्छ बोलायचं. आणि अगदी शेवटी चिमूटभर शांतता, नाहीतर पुढची जाहिरात आपलं शेवटचं अक्षर खाऊन टाकते. आठ सेकंदांत सत्तावीस-अठ्ठावीस अक्षरं, त्यापेक्षा जास्त कोंबली की शब्द कळत नाहीत. "करंजीचं सारण आहे हे," ते म्हणाले, "जास्त भरलंत की तळताना फुटणार."

एवढं कळणाऱ्या माणसाने स्वतः काय लिहावं? 'लंडनमधली सर्वांत उत्तम करंजी!' रेडिओवरच्या मुलीने ईमेल केला की 'सर्वांत उत्तम' म्हणायचं तर पुरावा जोडा, इथे तसा नियम आहे. "पुरावा?" आजी कडाडल्या. "एक डझन पाठवा तिला!" मग काका कवितेकडे वळले. एक्केचाळीस कच्चे खर्डे झाले. एक्केचाळिसावा खरंच सुंदर होता, 'तुपाचा दरवळ येई, आठवे माझी आई'. तो म्हणताना काकांचे डोळे भरून यायचे, आणि बरोब्बर नऊ सेकंदांत भरायचे. वहिनीने डोळे पुसले. तोच ठरला.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानात तालीम करत होतो. दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. हाताला पीठ, म्हणून तिने स्पीकरवर टाकला. शेजारच्या हॅरोच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई, दर दिवाळीला चार डबे नेणाऱ्या.

"अगं, बंद केलंत ना दुकान? बघून इतकं वाईट वाटलं. सासूबाई बऱ्या आहेत ना? म्हटलं, निदान भेटायला यावं."

वहिनी घाईघाईने सांगत होती, अहो नाही हो, मागेच आलोय, स्टेशनच्या पाठी! आणि आजी काउंटरला धरून उभ्या होत्या. कोणीतरी त्यांच्यासमोर त्यांच्याच दुखवट्याला आल्यासारखं झालं होतं. काकांनी हातातला कागद पाहिला. त्या सगळ्या तुपाच्या दरवळात दुकान हललंय हे कुठेच नव्हतं. ना त्रेचाळीस सेकंदांत, ना एक्केचाळीस खर्ड्यांत. अहो, इतकी डोकी, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही!

काकांनी कागदाच्या चार चिंध्या केल्या. फरसाणाच्या पिशवीवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि आजींपुढे धरल्या.

*बंद नाही झालो, मागच्या गल्लीत आलो!*
*स्टेशनाच्या पाठी, करंजी तुमच्यासाठी!*

"यात कोणाचंच नाव नाही," काका चाचरत म्हणाले.

"नावं राहू देत, डॉक्टर," आजी म्हणाल्या. "पत्ता सांगा."

गायल्याही आजीच. काकांचाच हट्ट, की हा आवाज तीस वर्षं काउंटरवरून लोकांनी ऐकलाय, ऐकताक्षणी ओळखतील. रेडिओवरची मुलगी इथेच जन्मलेली, ती म्हणाली, "आजी, तुमचा आवाज एकदम लव्हली आहे, पण तुमची श्वास लांब आहे." खरंच अकरा सेकंद होत होते, 'मागच्या'च्या आधी आजी दम घ्यायच्या. काकांनी दम 'आलो'च्या नंतर नेला, 'झालो'वर रेंगाळू नका म्हणून सांगितलं आणि काचेपलीकडून बोटं नाचवत राहिले. सातव्यांदा जमलं. शेवटी आजी ठणकावून म्हणाल्या, "शेवंती स्वीट्स, एजवेअर!" आणि साडेनऊ सेकंदांवर थांबल्या.

वसुबारसेपर्यंत गल्लीत रांग लागली. लोक आत येतानाच 'बंद नाही झालो' म्हणत यायचे. हॅरोच्या बाई आल्या आणि आजींना मिठी मारून रडल्या. मग सहा डबे नेले. काका कोपऱ्यात उभे राहून प्रत्येकाचा ताल तपासत होते.

भाऊबीज झाली, जाहिरात संपली. पुढच्या आठवड्यात मी आणि काका चिवडा आणायला गेलो, तर वहिनी खुशीत म्हणाली, "काका, आता सगळ्यांना नवी जागा कळली बघा. पुढच्या वर्षी हे गाणं लागणारच नाही!"

"वा, छान झालं," काका म्हणाले, आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो चिवडा घेतला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मला राहवलं नाही. "काका, वाईट वाटलं का हो?"

"छे गं," ते म्हणाले. "औषध लागू पडलं की बंदच करायचं असतं."

मग ते घरापर्यंत काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते एरवी नकोसं वाटणारं पाल्हाळ मला फार हवंसं वाटत राहिलं.