दोन रकान्यांतला आश्रुबा

पाथरीच्या स्टँडजवळ सिद्धोधनचं टायपिंगचं दुकान आहे. गडी हुशार, पण चहा निवायच्या आत काम हातावेगळं करायची त्याला भारी हौस. त्या हौसेनंच घात केला.

अक्षरओळख नसलेल्या गीताबाईनं नवऱ्याच्या, आश्रुबाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मरणाच्या कार्यक्रमाला, वाचून दाखवायला जुन्या साप्ताहिकाचं पान आणलं. विहीर खोदताना आश्रुबा दरडीखाली गेला, त्याची ती बातमी. सिद्धोधननं पान स्कॅन करून मजकूर काढला आणि न तपासताच मोठ्यानं वाचला, "आश्रुबा विहिरीत उतरला दारूनं घर बुडवलं..."

"माज्या मालकानं दारू कदी शिवली न्हाई," गीताबाई म्हणाली. "असं छापलंय व्हय रे?"

सिद्धोधनचा चहा तसाच राहिला. पान दोन रकान्यांचं, पण मशीननं ते सलग आडवं वाचून डाव्या ओळीला उजवी ओळ जोडली होती. उजव्या रकान्यातल्या चौकटीतली दारूबंदीची जाहिरातही बातमीत घुसली होती.

"मशीन चुकलं, मावशी."

त्यानं स्क्रीनवर आधी डावा रकाना आखला, मग उजवा; चौकट आणि फोटोखालची ओळ वेगळी काढली. पुन्हा वाचायला लागला. डावा रकाना संपला, "दरड कोसळल्यावर आश्रुबाचा आवाज". उजवा सुरू झाला, "दुपारपर्यंत वर येत होता. कुणी खाली उतरलं नाही."

आता अर्थ अगदी नीट लागत होता.

"मला तर गावानं सांगितलं, जागीच गेला," गीताबाई म्हणाली.

"एवढं काढून टाकू का, मावशी?"

"ठेव. सगळं गाव जेवायला येनार हाय. जेवायच्या आदी वाच."