वेलांटीबाईंनी न कापलेलं वाक्य

कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईंना सगळे मागून वेलांटीबाई म्हणत. प्राचार्यांच्या पत्रातली ऱ्हस्व वेलांटी त्या प्राचार्यांदेखत दीर्घ करायच्या, आणि प्राचार्य मुकाट सही करायचे. नवऱ्याने चिठ्ठी लिहून ठेवली, तर संध्याकाळी ती तांबड्या शाईत दुरुस्त होऊन मिळे. हौस म्हणा की खोड, बाईंचा जीव अक्षरात होता.

सत्र संपताना शिक्षकांविषयीचे अभिप्राय त्याच गोळा करत. शिक्षकाला वर्गाबाहेर काढायचं, कोरे फॉर्म वाटायचे, भरलेले पाकिटात घालून सीलबंद करायचे. नाव नाही, रोल नंबर नाही. मग बाई एक ते पाच गुणांची सरासरी काढत आणि शेवटच्या रकान्यातल्या सूचना टाइप करत, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखायला नको. निकाल लागला की एक प्रत प्राचार्यांना, एक शिक्षकाला. हंगामी शिक्षकाला पुढचं वर्ष द्यायचं की नाही, हे ठरवताना तो कागद फायलीत सगळ्यात वर असे.

आणखी एक काम बाई करत, तेही प्राचार्यांच्या सांगण्यावरून. ‘मी कॉलेजकडून खेळायला परगावी गेलो होतो तेव्हा’ असलं काही कोणी लिहिलं, तर तेवढं गाळायचं. कारण लिहिणारा भाबडा असतो आणि वाचणारा नसतो.

त्या वर्षी संख्याशास्त्राच्या वर्गात चौदाच मुलं होती. फॉर्म वाटताना खिडकीजवळची एक मुलगी बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. केस दोन्ही कानांवर ओढलेले. तिने विचारलं, “बाई, खरंच कळत नाही ना कोणी लिहिलं ते?”

“अगं, माझ्यावर सोड. बावीस वर्षांत एकाचं नाव फुटलं नाही.”

दुपारी पाकीट फोडलं. तेरा फॉर्मांत ‘सर छान’, ‘सर फास्ट’, आणि शिक्षक या शब्दाचे पाच निरनिराळे खून. चौदाव्यावर एकच वाक्य होतं: ‘सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात; त्यांचे ओठ दिसत नाहीत, म्हणून माझ्यापुरता तो तास मुका होतो.’

अर्धविराम! बाई खुर्चीत सरसावून बसल्या. एकही चूक नाही. कान अधू असल्याचं त्या मुलीचं पत्र त्यांनीच प्रवेशाच्या वेळी शिक्षकांना पोहोचवलं होतं. वर्गात कोणाला सांगू नये, अशी त्यात तिची विनंती होती. ‘सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात’ एवढं ठेवलं असतं तरी काम भागलं असतं, हे बाईंना तेव्हाही कळत होतं. पण असं वाक्य कापायला हात धजेना. त्यांनी ते जसंच्या तसं टाइप केलं आणि शेजारच्या कारकुनाला कौतुकाने वाचूनही दाखवलं.

निकालानंतर सरांच्या हाती कागद पडला. सर तसे वाईट नव्हते, पण हंगामी होते आणि घाबरले होते. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला भर वर्गात त्यांनी तिला हाक मारली आणि एकेक अक्षर चावत म्हणाले, “आता दि-स-ता-त का ओठ?” वर्ग हसला. मग सगळ्या माना तिच्या कानांकडे वळल्या.

ती ऑफिसात आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

“बाई, नाव कळत नाही म्हणाला होतात.”

“नाव नव्हतंच गं त्यावर.”

“माझं वाक्य होतं.”

बाईंना माफी मागायची होती. पण तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं तिला दिसलं नाही, आणि मोठ्याने म्हणायचा धीर होईपर्यंत ती निघून गेली होती. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी प्राचार्यांपुढे सगळं कबूल केलं. सरांना समज मिळाली, बाईंनाही मिळाली. वर्गाने जे ऐकलं होतं, ते मात्र कोणाला परत घेता येईना.

सत्र संपलं. या वेळी फॉर्म वाटताना बाईंनी नाव न कळण्याबद्दल काही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. पाकिटातून चौदा फॉर्म निघाले. एकावर सगळीकडे पाच, पाच, पाच. सूचनांच्या रकान्यात तेच सरळ, नेटकं अक्षर: ‘काहि नाही’.

‘काही’ची वेलांटी ऱ्हस्व. अर्धविराम घालणारी मुलगी अशी चुकत नाही. तिने आपलं वाक्य इतरांच्या वाक्यांत लपवून टाकलं होतं.

सरांची सरासरी वाढली. ‘अभिप्रायामुळे अध्यापनात सुधारणा, मुदतवाढ द्यावी’ असा शेरा प्राचार्यांनी टाइप करायला पाठवला. बाईंनी तो टाइप केला. मग तिची सूचना टाइप करायला घेतली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच चूक तशीच राहू दिली.